काळेनिळे डाग, प्लेटलेटचा आकडा आणि न विचारलेले प्रश्न

*“लेकराच्या अंगावर मार न लागता काळेनिळे डाग दिसले म्हणजे प्लेटलेट कमी झाल्या समजा. लगेच पपईच्या पानांचा रस सुरू करा. प्लेटलेट आणि बीटी-सीटी नॉर्मल आले तर रक्ताचा कुठलाच आजार नाही, डाग अशक्तपणाचे असतात. घरात कुणाला असा त्रास नसेल तर काळजीचं कारणच नाही. सर्व पालकांपर्यंत पोहोचवा.”*

डेंग्यूचे दिवस आले की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या ग्रुपांवर अशा मजकुराला पाय फुटतात. यातली चारही विधानं चुकीची आहेत आणि प्रत्येकाची चूक वेगळी आहे. इथे विषय तापानं फणफणलेल्या मुलाचा नाही. खातंपितं, खेळतं, शाळेत जाणारं मूल आणि त्याच्या अंगावरचे डाग, एवढाच आहे. असा डाग कशाचा हे ठरवताना सगळ्यात जास्त माहिती मिळते ती रक्तस्रावाच्या हकिकतीतून, म्हणजे आजवर कुठून, कधी, किती वेळ रक्त गेलं आणि ते कशानं थांबलं यातून. मेसेजमध्ये नेमकी तीच नाही.

पहिलं विधान

चालायला लागलेल्या मुलाच्या अंगावर डाग असणं हीच नेहमीची गोष्ट आहे. तीन वर्षांखालच्या मुलांची पाहणी झाली आहे. चालू लागलेल्या निरोगी मुलांपैकी साधारण निम्म्यांच्या अंगावर तपासणीच्या दिवशी एखादा तरी डाग होता, आणि सहा महिन्यांखालच्या बाळांत मात्र शंभरात एकाच्याही नव्हता. हा फरक लक्षात ठेवला तर पुढचं बरंच सोपं होतं. “मार न लागता” हे शब्द तर सोडूनच द्यावेत. ओट्यावरून उडी मारताना, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढताना नडगी आपटल्याचं सहा वर्षांच्या मुलाच्या लक्षात राहत नाही आणि आईने ते पाहिलेलं नसतं. मार आठवत नाही म्हणजे मार लागला नाही, असं होत नाही.

म्हणून आधी जागा पाहायच्या. मूल दिवसाउजेडी पूर्ण उघडं करून पुढून आणि मागून पाहा. नडग्या, गुडघे, कोपरं, कपाळ, म्हणजे जिथे कातडीखाली लगेच हाड लागतं, तिथले डाग पडण्या-आपटण्याचे असतात. ते सहसा करंगळीच्या नखाएवढे किंवा थोडे मोठे, सपाट, आणि आठवडा-दोन आठवड्यांत हिरवट-पिवळे होऊन जाणारे असतात. पाठ, पोट, छाती, ढुंगण, दंडाची आतली बाजू, मांडीची मागची बाजू ही मऊ ठिकाणं सहज आपटत नाहीत. तिथे पाच-सहा डाग असतील, किंवा हात लावल्यावर डागाच्या आत गाठ लागत असेल, तर पुढचे प्रश्न विचारायचे. रंगावरून डाग किती दिवसांचा ते मात्र सांगता येत नाही. भलेभले तसा प्रयत्न करतात आणि चुकतात.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. बाळाच्या कमरेखाली, ढुंगणावर जन्मापासून असलेला निळसर-राखी पट्टा हा डाग मुळात रक्ताचा नसतो. तो कातडीतल्या रंगपेशींचा असतो, आपल्याकडच्या फार बाळांना असतो, महिनोन् महिने रंग बदलत नाही आणि काही वर्षांत फिका होत जातो.

रांगायलाही न लागलेल्या बाळाच्या अंगावर खरा डाग दिसला तर तो एकच असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचा. दोन आठवडे ते सहा महिने या वयात, विशेषतः फक्त अंगावर पिणाऱ्या आणि जन्मल्यावर व्हिटॅमिन केचं इंजेक्शन न मिळालेल्या बाळात, असा लहानसा डाग मेंदूतल्या रक्तस्रावाच्या आधीची सूचना असू शकतो. सातपुड्यातल्या पाड्यावर बाळंतपण घरीच झालं असेल तर हे इंजेक्शन दिलं गेलं का, हा पहिला प्रश्न. दुसरी शक्यता बोलायला जड आहे, पण टाळता येत नाही. कान, मान, गालाचा मऊ भाग, पोट इथले डाग, किंवा बोटांच्या, पट्ट्याच्या आकाराचे डाग हे कुणीतरी हात उगारल्याचे असू शकतात. डॉक्टर घरातल्यांना एकेकटं विचारतात ते याचसाठी. त्याच वेळी रक्ताच्या तपासण्याही करायच्या असतात, कारण रक्तस्रावाचा आजार असलेल्या मुलाच्या आईबापांवर खोटा आळ येऊ शकतो.

आता प्लेटलेटकडे. नॉर्मल आकडा साधारण 1.5 ते 4.5 लाख. प्लेटलेट नीट काम करत असतील तर आकडा 50 हजारांच्या वर असताना आपोआप डाग उठणं विरळाच, आणि खरा त्रास बहुधा 20 हजारांच्या खाली सुरू होतो. त्यामुळे “रिपोर्टात 1 लाख 20 हजार आले, म्हणून डाग पडतात” हा हिशोब बसत नाही. डागांचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं आणि कमी आकड्याचं कारण वेगळं. शिवाय जांभळ्या टोपीच्या नळीत काही जणांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गठ्ठे होतात आणि मशीन त्यांना मोजत नाही. काचपट्टीवर रक्ताचा थर पसरून डोळ्यांनी पाहिलं की हे लगेच कळतं. म्हणून आकडा कमी आला की “स्मिअर पाहिला का?” हे विचारायचंच.

प्लेटलेट खरोखर कमी झाल्या की त्वचा वेगळं बोलते. घोट्यांजवळ, पावलांवर, कपड्याचा इलॅस्टिक जिथे काचतो तिथे, जोरात रडल्यावर पापण्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके येतात. काचेच्या पारदर्शक ग्लासने दाबून पाहा. पुरळ असेल तर दाबाखाली फिकी पडते, हे ठिपके तसेच राहतात. सोबत तोंडात गालाच्या आतून काळपट रक्ताचे फोड असतील तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचं.

पपईच्या पानांबद्दल

यावर लांबण लावायची गरज नाही. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात त्या विषाणूमुळे, आणि ताप ओसरल्यावर त्या आपोआप चढतात. रस पाजला नसता तरी चढल्या असत्या. काही छोट्या अभ्यासांत रसानं आकडा थोडा लवकर वाढल्याचं दिसलं आहे, पण तेही डेंग्यूमध्ये. आपण बोलतोय त्या ठणठणीत मुलाच्या आजारांवर त्याचा काहीच इलाज होत नाही.

ठणठणीत मुलाच्या प्लेटलेट अचानक कोसळण्याचं नेहमीचं कारण आयटीपी आहे. सर्दी-तापासारखा विषाणूचा आजार होऊन एक ते चार आठवडे गेलेले असतात, आणि शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारू लागतं. आकडा कित्येकदा 10-20 हजारांवर येतो, तरी मूल अंगणात खेळत असतं. यातली बहुतेक मुलं सहा महिन्यांच्या आत आपोआप बरी होतात, आणि फक्त कातडीवर डाग-ठिपके असतील तर आजकाल औषध न देता लक्ष ठेवणं हीच पद्धत आहे. अशा वेळी रस पाजला, आकडा वाढला, आणि श्रेय रसाला गेलं, असं होतं.

धोका दुसऱ्या बाजूला आहे. डागांसोबत मूल पांढरंफटक पडलंय, आठवड्याहून जास्त ताप आहे, रात्री पाय किंवा पाठ दुखून रडतं, लंगडतं, मानेत-काखेत गाठी किंवा पोटात प्लीहा-यकृत लागतं, वजन उतरतंय, तर आयटीपी समजून बसायचं नाही. रक्ताचा कर्करोग असाच सुरू होतो आणि स्मिअर पाहिल्याशिवाय कुणी “ताकदीचं” म्हणून स्टेरॉइड सुरू केलं तर निदान काही काळ झाकलं जातं. रसाच्या नादात गेलेले पंधरा दिवस इथे महाग पडतात.

औषधांचा आणखी एक प्रश्न विचारायचा. मुलाला महिनाभरात आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन दिलं होतं का, आकडीसाठी व्हॅल्प्रोएट चालू आहे का? पहिली दोन प्लेटलेटचं काम मंदावतात. व्हॅल्प्रोएट आकडा कमी करू शकतं आणि पुढे ज्या प्रथिनाबद्दल बोलायचंय तेही. शेतकऱ्याच्या घरी एक प्रश्न वेगळा: धान्याच्या कोठीत, गोठ्यात उंदराचं औषध ठेवलंय का? त्यातली काही औषधं व्हिटॅमिन केचं काम बंद पाडतात. मुलानं वडी खाल्ली तर पहिला दिवस ते अगदी ठीक दिसतं, दोन-तीन दिवसांनी डाग आणि हिरड्यांतून रक्त सुरू होतं. प्लेटलेट नॉर्मल, पण रक्त गोठण्याचा वेळ मोजणारी पीटी नावाची चाचणी खूप वाढलेली. उपाय व्हिटॅमिन के हाच आहे आणि तो कित्येक आठवडे चालवावा लागतो.

बीटी-सीटी आणि “कुठलाच आजार नाही”

सगळ्यात घातक विधान हे आहे.

रक्त थांबण्याचे दोन टप्पे असतात. पाटाला फूट पडली की आधी हाताला लागतील ती पोती टाकून पाणी अडवतात, मग मागून माती चेपून बांध पक्का करतात. जखमेवर पोत्यांचं काम प्लेटलेट करतात आणि पहिल्या काही मिनिटांत करतात. मातीचं काम रक्तातली गोठवणारी प्रथिनं करतात. त्यांना फॅक्टर म्हणतात आणि त्यांचं जाळं पक्कं व्हायला वेळ लागतो. प्लेटलेटला फाटलेल्या नसेशी चिकटवून ठेवणारं एक प्रथिन आहे, वॉन विलेब्रांड फॅक्टर, थोडक्यात व्हीडब्ल्यूएफ. आणि नस स्वतः मजबूत असावी लागते. मेसेज फक्त पोती मोजायला सांगतो.

या टप्प्यांतूनच हकिकतीचे प्रश्न निघतात. पोती किंवा त्यांना धरून ठेवणारं व्हीडब्ल्यूएफ कमी असेल तर रक्त जखम होताक्षणी सुरू होतं आणि थांबतच नाही. ते नाक, हिरड्या, पाळी, कापलेलं बोट अशा ओलसर किंवा वरवरच्या जागांहून येतं. माती कमी असेल तर सुरुवातीला रक्त थांबल्यासारखं वाटतं, पण काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतं, आणि ते आत, खोलवर, स्नायूत किंवा सांध्यात साठतं. नसच कमजोर किंवा सुजलेली असेल तर त्या दोन्हींपैकी काहीच नसतं. डाग असतात, पण तपासण्या चांगल्या येतात.

बीटी म्हणजे बोटाला किंवा कानाच्या पाळीला टोचून रक्त थांबायला किती वेळ लागतो ते पाहणं. किती खोल टोचलं, मूल किती हललं, टिपकागद कसा धरला, यावर उत्तर बदलतं. त्याचा दर्जा इतका अविश्वसनीय आहे की मोठ्या लॅबांनी ही चाचणी कधीच सोडली. सीटी म्हणजे नळीत रक्त गोठायला किती वेळ लागतो. फॅक्टर अगदी तळाला गेल्याशिवाय ती लांबत नाही. मध्यम आणि सौम्य हिमोफिलियाचं, म्हणजे जन्मतःच फॅक्टर कमी असलेलं मूल बीटी-सीटी नॉर्मल घेऊन टॉन्सिलच्या ऑपरेशनला जातं आणि घसा रक्तानं भरतो तो यामुळे.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ. यावल तालुक्यातली सात वर्षांची मुलगी धरून चालू. तक्रार एवढीच की डाग फार पडतात. प्लेटलेट 3 लाख 10 हजार, बीटी-सीटी नॉर्मल, टॉनिक देऊन घरी पाठवलेली. तिच्या आईला काय विचारायचं?

पहिला प्रश्न डागांचा: एका वेळी किती, कुठे, केवढे? उत्तर, नडग्यांवर असतातच, पण दंडावर आणि मांडीवरही, आणि कुठल्याही दिवशी मोजले तर नखाएवढे किंवा मोठे पाचाच्या वर. ठिपके नाहीत, गाठी नाहीत. दुसरा प्रश्न नाकाचा. उन्हाळ्यात जळगावचा पारा 45 अंशांकडे गेला की कोरड्या हवेनं नाकाचा पडदा फुटतो आणि ठणठणीत मुलांचाही घोळणा फुटतो, म्हणून “नाकातून रक्त येतं का?” एवढ्यानं काहीच कळत नाही. विचारायचं असं: एकाच बाजूनं की दोन्ही? फक्त चैत्र-वैशाखात की थंडीतही? घड्याळात किती मिनिटं? महिन्यातून किती वेळा? आणि दाबलं होतं कसं? डोक्यावर पाणी ओतणं, कांदा हुंगवणं, मान मागे करणं यात गेलेली मिनिटं मोजायची नाहीत. मूल बसवून, मान थोडी पुढे झुकवून, नाकाचा खालचा मऊ भाग दोन बोटांनी 10 मिनिटं सलग दाबून धरायचा, मध्येच उघडून बघायचं नाही. असं नीट दाबूनही 10 मिनिटांनी रक्त चालू राहिलं तर ते मोजायचं. या मुलीचं दोन्ही बाजूंनी येतं, डिसेंबरातही येतं, नीट दाबूनही 20 मिनिटं लागतात, आणि त्यासाठी एकदा डॉक्टरांकडे न्यावं लागलं होतं.

तिसरा प्रश्न दातांचा. दुधाचा दात पडला त्या रात्री काय झालं? उशी रक्तानं माखली होती, कापूस चावून धरूनही तासभर झिरपत होतं, असं दोन दातांना झालं. चौथा, कान टोचले तेव्हा? थोडं रक्त, पण लगेच थांबलं. लसीचं इंजेक्शन दिलं तिथे मोठी गाठ आली होती का? नाही. गुडघा, घोटा कधी सुजून गरम झाला? नाही. नाळ पडताना रक्त झिरपत राहिलं होतं? नाही.

हे आकड्यात मांडता येतं. रक्तस्राव मोजण्याची आयएसटीएच-बॅट नावाची जागतिक पातळीवर वापरली जाणारी प्रश्नावली आहे. त्यात प्रत्येक लक्षणाला गंभीरतेनुसार 0 ते 4 गुण मिळतात. हिच्या नाकाला 2, कारण डॉक्टरांकडे जावं लागलं. डागांना 1, कारण उघड्या भागावर एक सेंटिमीटरहून मोठे पाच किंवा जास्त. तोंडाला 1, कारण दात पडल्यावरचा रक्तस्राव 10 मिनिटांच्या पुढे गेला. बाकी सगळ्याला 0. बेरीज 4. मुलांत 3 किंवा जास्त गुण आले की ते सहज घेण्यासारखं नसतं. गुणांची मर्यादाही ध्यानात घ्यावी. दोन वर्षांच्या मुलाचा अजून दात पडलेला नसतो, ऑपरेशन झालेलं नसतं, पाळी आलेली नसते, त्यामुळे रक्ताची परीक्षाच झालेली नसते. त्याचे गुण कमी आले म्हणून आजार नाही असं ठरत नाही.

हकिकतीचं चित्र काय सांगतं? ओलसर जागांवरून, लगेच सुरू होणारा, लांबणारा रक्तस्राव, सांधे-स्नायू कोरडे. म्हणजे पहिल्या टप्प्याचा बिघाड. प्लेटलेटची संख्या चांगली असल्यानं एकतर त्यांचं काम बिघडलंय किंवा व्हीडब्ल्यूएफ कमी आहे, आणि दुसरी शक्यता कितीतरी जास्त, कारण वॉन विलेब्रांड आजार हा जन्मजात रक्तस्रावाच्या आजारांत सगळ्यात जास्त आढळणारा आहे. मुलग्यांना आणि मुलींना सारखाच होतो.

तपासण्या या क्रमानं: स्मिअरसह सीबीसी, पीटी आणि तिच्यासारखीच रक्त गोठण्याचा वेळ मोजणारी एपीटीटी, मग व्हीडब्ल्यूएफची पातळी, व्हीडब्ल्यूएफचं काम आणि फॅक्टर 8. समजा हिमोग्लोबिन 10.1 आणि लाल पेशी लहान, म्हणजे लोह संपलंय. पीटी नॉर्मल, एपीटीटीही नॉर्मल. इथे पुष्कळ जण थांबतात आणि चुकतात. एपीटीटी फॅक्टर 8 बराच खाली गेल्यावरच लांबते, आणि सौम्य वॉन विलेब्रांडमध्ये ती चांगलीच येते. व्हीडब्ल्यूएफची पातळी 28 टक्के, काम 24 टक्के, आणि फॅक्टर 8 ची पातळी 45 टक्के. पातळी 30 टक्क्यांच्या खाली आहे, आणि काम पातळीच्या प्रमाणातच उतरलंय, म्हणजे प्रथिन दर्जानं ठीक पण कमी बनतं. हा वॉन विलेब्रांडचा टाइप 1.

दोन गोष्टी इथे फसवतात. ताप, धावपळ, भीती, रडारड यांत व्हीडब्ल्यूएफ वाढतं. सुई पाहून आकांत करणाऱ्या मुलाची पातळी खोटीच चांगली येऊ शकते. हकिकत ठाम असेल तर मूल शांत आणि बरं असताना चाचणी पुन्हा करायची. ओ रक्तगटाच्या लोकांची पातळी मुळातच थोडी कमी असते, तेव्हा 30 ते 50 टक्क्यांमधल्या आकड्याचा अर्थ हकिकतीशिवाय लावता येत नाही. दुसरी फसगत नळीची. पीटी-एपीटीटी आणि फॅक्टरचं रक्त निळ्या टोपीच्या नळीत खुणेपर्यंत भरावं लागतं, नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट. लहान मुलाचं रक्त कमी निघालं आणि नळी अर्धी राहिली तर एपीटीटी खोटी लांबते. नमुना काही तासांत वेगळा करून गोठवला नाही, तापलेल्या गाडीत डब्यात पडून राहिला, तर फॅक्टर 8 उतरतो. मोठ्या शहरातल्या लॅबकडे पाठवताना नमुना गोठलेला गेला का, हे विचारण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे.

याच्या शेजारी दुसरं मूल ठेवून पाहा. चौदा महिन्यांचा मुलगा, नुकता धरून चालतोय. काखेत धरून उचललं की बरगडीवर डाग उठतो आणि त्यात हरभऱ्याएवढी गाठ लागते. लसीनंतर मांडी टणक सुजली होती. ओठाच्या आतला पडदा फाटला तेव्हा रक्त थांबलं, सकाळी परत सुरू झालं, दोन दिवस चाललं. प्लेटलेट 3 लाख, बीटी नॉर्मल. इथे दुसरा टप्पा बिघडलाय. एपीटीटी दुप्पट-तिप्पट लांबलेली आणि पीटी नॉर्मल असेल तर फॅक्टर 8 आणि 9 मोजायचे. हिमोफिलिया ए सुमारे पाच हजार मुलग्यांमागे एकाला असतो. गुडघा पहिल्यांदा सुजायच्या आत तो ओळखला तर सांधा वाचतो.

एक आजार दोन्ही चाचण्यांना हुलकावणी देतो. फॅक्टर 13 कमी असेल तर पीटी, एपीटीटी, प्लेटलेट सगळं नॉर्मल येतं, कारण तो जाळं तयार झाल्यावर ते घट्ट विणतो, आणि या चाचण्या त्याआधीच संपतात. त्याची ओळख नाळेतून दिवसेंदिवस झिरपणारं रक्त. ही हकिकत कळली तरच डॉक्टर त्याची वेगळी चाचणी मागवतील.

नसांच्या बाजूचे आजार थोडक्यात. पाय आणि ढुंगणावर दोन्हीकडे सारखे, हाताला उंचवटे लागणारे जांभळे डाग, सोबत पोटदुखी किंवा घोटे दुखणं, आणि प्लेटलेट नॉर्मल किंवा उलट वाढलेल्या, तर तो आयजीए व्हास्क्युलायटिस. डाग जातात, पण मूत्रपिंडाला इजा नंतर उमटू शकते, म्हणून सहा महिने लघवी आणि रक्तदाब तपासत राहावं लागतं. सांधे विलक्षण वाकणारे, कातडी मऊ आणि ताणली जाणारी, जखमांचे व्रण सिगारेटच्या कागदासारखे पातळ असतील तर ऊतींचा जन्मजात दुबळेपणा. फक्त दूध-बिस्किटांवर असलेलं, फळ-भाजी न खाणारं मूल, हिरड्या सुजलेल्या, पाय इतके दुखतात की उभं राहत नाही, केसांच्या मुळाशी ठिपके, तर व्हिटॅमिन सीचा अभाव. डाग पाडणारा “अशक्तपणा” म्हणायचाच असेल तर तो हा आहे, आणि तोही टॉनिकानं नाही, व्हिटॅमिन सीनं जातो.

घरात कुणाला नाही

हिमोफिलियाच्या सुमारे एक तृतीयांश मुलांच्या घरात आधी कुणालाच तो नसतो. बिघाड नव्यानं झालेला असतो. घरात असलाच तर तो आईकडून येतो, म्हणून वडिलांचे भाऊ विचारून उपयोग नाही. आईचे भाऊ, आईच्या मावश्यांची मुलं, “डोक्याला थोडं लागलं आणि गेला” असा लहानपणी वारलेला एखादा मामा, याची चौकशी करायची. प्लेटलेटचं काम बिघडवणारा ग्लान्झमान आजार आणि फॅक्टर 13 ची कमतरता यांत आईबाप दोघंही वाहक पण ठणठणीत असतात. मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न झालं असेल तर अशा आजारांची शक्यता वाढते, म्हणून नवराबायको नात्यातले आहेत का, हे दोष न देता पण नक्की विचारायचं.

आणि बरेचदा “कुणाला नाही” हे उत्तरच खरं नसतं, कारण प्रश्न बायकांच्या रक्तस्रावाबद्दल विचारलेलाच नसतो. यावलच्या त्या मुलीच्या आईला विचारलं तर ती आधी नाहीच म्हणेल. मग पाळी किती दिवस चालते, दर तासा-दोन तासांनी पॅड किंवा कापड बदलावं लागतं का, एक रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडतात का, रात्री अंथरूण खराब होतं का, हे एकेक विचारायचं. पाळी नऊ-दहा दिवस, गाठी, वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या, धाकट्याच्या बाळंतपणानंतर दहाव्या दिवशी अचानक रक्तस्राव होऊन रक्त चढवावं लागलं, असं निघतं. गरोदरपणात व्हीडब्ल्यूएफ वाढतं आणि बाळंतपणानंतर खाली येतं, म्हणून प्रसूती सुखरूप होऊन रक्तस्राव उशिरा होणं या आजारात बसतं. तिच्या आईलाही असंच होतं. घरात सगळ्याच बायकांना होत असल्यामुळे तो त्रास कुणी त्रास म्हणून मोजलाच नव्हता.

मुलीचं निदान झाल्यावर आईचीही चाचणी करायची, आणि धाकट्या भावाचीही, त्याचे दात पडायला लागण्याआधी. मुलीला लोह, नाक-दातांच्या रक्तासाठी डॉक्टरांनी वजनावर ठरवलेला ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचा डोस, तापाला फक्त पॅरासिटामॉल, आणि दप्तरात व दवाखान्याच्या कागदावर आजाराचं नाव ठळक लिहिलेलं. दात काढणं, टॉन्सिल, कुठलंही ऑपरेशन त्याआधी रक्तरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय नाही. डेस्मोप्रेसिन नावाच्या औषधानं शरीरात साठलेलं व्हीडब्ल्यूएफ काही तासांसाठी बाहेर येतं. ते तिला लागू पडतं का हे गरज नसताना एकदा तपासून ठेवतात, म्हणजे ऐनवेळी अंदाजावर चालावं लागत नाही. पाळी येण्याच्या वयाआधी, साधारण दहाव्या वर्षी, पहिल्या पाळीत काय करायचं ते लिहून ठेवायचं, कारण या मुलींत पहिलीच पाळी रुग्णालयापर्यंत नेऊ शकते.

आईला जर या रक्तस्रावासाठी पिशवी काढायचा सल्ला मिळालेला असेल, तर ती तारीख पुढे ढकलून आधी व्हीडब्ल्यूएफ मोजायचं. ते कमी निघालं तर पाळीच्या दिवसांत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, हॉर्मोनचं औषध किंवा हॉर्मोनची कॉपर-टीसारखी बसवायची वस्तू, आणि लोह, याने तिच्यासारख्या पुष्कळजणींची पाळी आटोक्यात येते. तरीही ऑपरेशन लागलंच तर ते फॅक्टरची सोय असलेल्या ठिकाणी करायचं, आणि पुढच्या सात-दहा दिवसांत रक्तस्राव परत सुरू होऊ शकतो हे घरच्यांना आधीच सांगून ठेवायचं.